आयताकृती लूप चुंबकीय क्षेत्रातून खाली पडतंय: तांब्याचं हळू पडेल की अ‍ॅल्युमिनियमचं?

जुळे_सोलापूरचे_सर

मंडळी, बारावीला शिकवतो. प्रवर्तित करंटच्या धड्यात एक नेहमीचं उदाहरण येतं. आडव्या दिशेचं एकसमान चुंबकीय क्षेत्र आहे, त्याची खालची कड ठरलेली आहे. त्यात उभं धरलेलं तारेचं आयताकृती लूप सोडलं. खालची बाजू क्षेत्राबाहेर आली, वरची अजून आत आहे. फ्लक्स कमी होतो, करंट वाहतो, वरच्या बाजूवर वर खेचणारं बल येतं. ते वजनाइतकं झालं की वेग वाढायचा थांबतो. सूत्र सरळ निघतं:

```
emf = B w v
I   = B w v / R
F   = B² w² v / R
v_t = m g R / (B² w²)
```

w म्हणजे वरच्या बाजूची लांबी. इथवर वर्गात कुणाला अडचण नाही. मग मी विचारलं, एकाच मापाचं एक लूप तांब्याचं आणि एक अ‍ॅल्युमिनियमचं, कुठलं हळू पडेल? सगळा वर्ग तांबं म्हणाला. दुसरा प्रश्न, तार जाड घेतली तर? त्यावर वर्गात दोन तट पडले.

शेवटी जुन्या स्पीकरची दोन चुंबकं समोरासमोर बांधून मधून तांब्याचं लूप सोडून दाखवलं. बंद लूप आणि कापलेलं लूप, दोन्ही सारखीच पडली. मुलांना काही फरक दिसला नाही आणि मलाही नाही. तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तांबं की अ‍ॅल्युमिनियम, हे आकडे न घालता कसं समजावायचं? आणि प्रयोगात ब्रेक दिसला का नाही?

बारावी_अ

सर, मी तुमच्याच वर्गातला नाही पण बारावीलाच आहे. तांबंच ना. तांब्याचा रेझिस्टन्स कमी, म्हणून करंट जास्त, म्हणून ब्रेक जास्त. सूत्रात R वर आहे, R कमी तर v_t कमी. जाड तारेचंही तेच, जाड तारेचा R कमी, म्हणून जाड लूप हळू पडणार.

अक्कलकोट_रोड_वाइंडिंग

नमस्कार सर. माझं मोटर वाइंडिंगचं काम आहे, एमआयडीसीत. लूमच्या मोटरला ब्रेक लावायचा असेल तर असं चुंबकातून लूप पाडून होत नाही ओ. सप्लाय काढला की वाइंडिंगला डीसी द्यायचा, रोटर जागेवर थांबतो. डीसी किती द्यायचा ते मोटरच्या प्लेटवर बघून सांगतो. प्लेटचा फोटो टाका.

जुळे_सोलापूरचे_सर

मालक, मोटर नाही, वर्गातलं उदाहरण आहे. लूपला बाहेरून सप्लाय नाहीच. पण तुम्ही सांगितलेल्या डीसी ब्रेकमध्येही करंट रोटरच्या बारमध्ये हालचालीमुळेच तयार होतो, म्हणजे मूळ तेच आहे. तुम्ही थांबा इथे, तारेचा विषय निघाला की तुमची गरज लागणार आहे.

उषा_प्रयोगशाळा

सर, मी कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण सूत्रात m आणि R वेगवेगळे दिसतात आणि तिथेच सगळे चकतात.

बारावी_अ, तू R बरोबर पकडलास. पण सूत्रात R एकटा नाही, m × R असा गुणाकार आहे. तार जाड केली, समज छेदाचं क्षेत्रफळ चौपट केलं. R चौथाई झाला हे खरं. पण वजन चौपट झालं. गुणाकार होता तेवढाच राहिला. म्हणजे १९ गेजची तार घ्या नाहीतर १४ गेजची, अंतिम वेग तोच. ब्रेक चौपट लागतो आणि ओढणारं वजनही चौपट असतं. एकाऐवजी दहा वेढे घेतले तरी उत्तर बदलत नाही, स्वतः करून बघ.

छेद निघून गेला की m × R मध्ये उरतं काय? धातूची घनता d, विशिष्ट रोध ρ आणि तारेच्या एकूण लांबीचा वर्ग. लूपची उंची h धरली तर लांबी 2(w + h). सूत्रात घाल:

```
v_t = 4 d ρ g (1 + h/w)² / B²
```

आता सरांचा पहिला प्रश्न. धातूचा हिशोब फक्त d × ρ मध्ये आहे. एकाच वेगाला तांब्यात अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण १.६ पट करंट वाहतो, म्हणून ब्रेकही १.६ पट. पण तांबं ३.३ पट जड आहे. ब्रेकपेक्षा वजन जास्त वाढलं. म्हणून तांब्याचं लूप दुपटीहून थोडं जास्तच वेगाने पडतं. अ‍ॅल्युमिनियम हळू पडतं.

आकडे न घालता सांगायचं तर मुलांना एवढंच विचारा की या धातूने करंट जास्त दिला, पण स्वतःचं वजन किती आणलं?

बारावी_अ

पण मॅडम, मग लूप लहान-मोठं केल्यानेही फरक नाही? सूत्रात फक्त h/w आहे.

उषा_प्रयोगशाळा

बरोबर. ३ सेंटिमीटरचा चौरस आणि १० सेंटिमीटरचा चौरस, दोन्हीचा अंतिम वेग एकच. आकाराचा फरक पडतो तो एवढाच की तो वेग गाठायला अंतर पुरतं की नाही. सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, ते रात्री सविस्तर लिहिते.

पूर्वीचा_सोलापूरकर

चांगली चर्चा. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, सध्या पुण्यात. थोडी भर घालतो. चुंबकीय क्षेत्रात कुठलाही धातू हलला की एडी करंट येतात आणि ब्रेक लागतो. त्यामुळे लूप पूर्ण आत असल्यापासूनच ब्रेक धरायला हवा, फक्त बाहेर येताना का? जुन्या वीज मीटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चकती चुंबकाच्या जबड्यातून फिरायची, तिथे ब्रेक सतत लागतो. आणि चकती अ‍ॅल्युमिनियमचीच का, तेही तुमच्या हिशोबात बसतंय.

उषा_प्रयोगशाळा

मीटरचं उदाहरण छान आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष इथे लागू नाही. मीटरचा चुंबक चकतीच्या एका छोट्या भागावरच असतो. चकतीचा प्रत्येक भाग क्षेत्रात शिरतो आणि बाहेर पडतो, म्हणून तिथे करंट सतत फिरत राहतो.

इथे लूप पूर्ण आत आहे आणि क्षेत्र सगळीकडे सारखं आहे. वरच्या बाजूत Bwv एवढा ईएमएफ आहे आणि खालच्या बाजूतही तेवढाच आहे. दोन्ही एकाच दिशेला, म्हणजे डावीकडून उजवीकडे किंवा उलट. लूपभोवती फिरून बेरीज केली तर ते एकमेकांना मारतात. करंट शून्य, ब्रेक शून्य, लूप g ने पडतं. खालची बाजू कडेबाहेर गेली की तिचा ईएमएफ जातो, वरच्या बाजूला विरोध करणारं कुणी उरत नाही, आणि करंट सुरू होतो. उभ्या बाजूंमध्ये ईएमएफ नाही, कारण त्या आपल्याच लांबीच्या दिशेने सरकतात. त्यांच्यावर बल येतं ते आडवं, एकीवर डावीकडे आणि दुसरीवर उजवीकडे, ते तिथल्या तिथे संपतं.

दिशेचा गोंधळ होत असेल तर क्षेत्र कागदात जाणारं घ्या. फ्लक्स कमी होतोय म्हणून करंट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. वरच्या बाजूत तो उजवीकडे जातो आणि बल वर येतं.

पूर्वीचा_सोलापूरकर

मान्य. "क्षेत्रात हलणं" पुरेसं नाही, फ्लक्स बदलायला हवा. मीटरमध्ये तो बदलत होता म्हणून मला ते वेगळं जाणवलं नाही.

उषा_प्रयोगशाळा

आता सरांच्या प्रयोगाकडे. स्पीकरच्या चुंबकांमध्ये मोकळ्या हवेत ०.१ टेस्ला मिळाला असं धरू, खरं तर तो तेवढा सगळीकडे मिळणार नाही. १० सेंटिमीटरचा चौरस, १ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार. लांबी ४० सेंटिमीटर, वजन २.८ ग्रॅम, रोध साधारण ८.६ मिलिओहम.

अंतिम वेग येतो सेकंदाला २.३६ मीटर. आता बघा, १० सेंटिमीटर मुक्तपणे पडून येणारा वेगच १.४ मीटर आहे. म्हणजे लूप अंतिम वेगाच्या जवळ पोहोचायच्या आत क्षेत्राबाहेर गेलेलं असतं. त्या वेगाकडे जायला लागणारा काळ v_t भागिले g, म्हणजे ०.२४ सेकंद. लूपला बाहेर पडायला मिळतो त्याहून कमी.

पूर्ण हिशोब केला तर, खालची बाजू कडेवर असताना लूप सोडलं तर बंद लूप ०.१५८ सेकंदात बाहेर येतं आणि कापलेलं ०.१४३ सेकंदात. फरक १५ मिलिसेकंदांचा. सर, तो डोळ्याला दिसणारच नाही. मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये तीन-चार फ्रेमचा फरक पडेल, तोही लूप सरळ पडलं तर.

आता B तिप्पट करा, ०.३ टेस्ला. वेगात B चा वर्ग आहे, म्हणून अंतिम वेग नऊपट कमी होतो, सेकंदाला २६ सेंटिमीटर. काळ २७ मिलिसेकंद, म्हणजे पहिल्या काही मिलिमीटरमध्येच लूप त्या वेगाला येतं. बाहेर पडायला ०.४ सेकंद लागतात, कापलेल्या लूपच्या जवळपास तिप्पट. ते वर्गातल्या शेवटच्या बाकावरून दिसतं. तार जाड करून, वेढे वाढवून, लूप मोठं करून काही साधत नाही. लूप चौरसच ठेवलं तर हातात दोनच गोष्टी आहेत, B आणि धातू.

बारावी_अ

मॅडम, एक आयडिया. वरची बाजू एकटीच काम करते ना? मग वरची बाजू बारीक ठेवून बाकीच्या तीन जाड केल्या तर? R कमी होईल.

उषा_प्रयोगशाळा

R कमी होईल पण वजन त्याहून जास्त वाढेल. उलट वरची जाड आणि बाकीच्या बारीक केल्या तरी तोच तोटा. एकूण लांबी तीच ठेवून सगळीकडे सारखी जाडी असते तेव्हा m × R सर्वात कमी असतो, कशीही असमान केली तर वाढतोच. वहीत दोन तुकड्यांचं उदाहरण घेऊन कर, एकाची जाडी १ आणि दुसऱ्याची २.

बारावी_अ

केलं. दोन्ही सारखे असताना २ × २ = ४. असमान असताना ३ × १.५ = ४.५. वाढतंय.

अक्कलकोट_रोड_वाइंडिंग

सर, आता समजलं तुम्ही काय करताय. मग एक सांगू का? तुमचा ८ मिलिओहमचा हिशोब जोडावर अडणार बघा. तारेची दोन टोकं पिळून जोडली असतील तर गेलं. वाइंडिंग वायरला इनॅमल असतं, ते ब्लेडने खरवडलं नाही तर पिळलेला जोड दिसायला जोड, आतून उघडाच. आणि खरवडून पिळला तरी जोडाचाच रेझिस्टन्स अख्ख्या लूपएवढा होऊ शकतो. खरवडून, कल्हई करून, मग सोल्डर करायचं.

अ‍ॅल्युमिनियमला तर साधं सोल्डर धरतच नाही. वर ऑक्साइडचा थर लगेच येतो. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियम वायरच्या मोटरी येतात, त्यांचं जोडकाम हीच डोकेदुखी असते. म्हणून म्हणतो, तार घेऊच नका. पत्रा घ्या आणि त्यातून चौकट कापून काढा, मधला चौकोन काढून टाकायचा. जोडच नाही तर जोडाचा त्रास नाही.

जुळे_सोलापूरचे_सर

मालक, हे फार कामाचं सांगितलंत. माझी टोकं पिळलेलीच होती. मीटरने तपासलं होतं, ०.३ ओहम दाखवत होता, म्हणून जोड ठीक समजलो.

उषा_प्रयोगशाळा

त्या ०.३ ओहममध्ये बहुतेक मीटरच्या वायरींचाच रोध आहे. मिलिओहम त्या रेंजवर कळत नाही. त्याला दुसरी रीत आहे. लूपच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून बाहेरून १ अँपिअर करंट सोडा आणि त्याच कोपऱ्यांवर वेगळ्या दोन वायरी टेकवून मिलिव्होल्ट बघा. करंटच्या वायरी वेगळ्या आणि मोजायच्या वेगळ्या, हे महत्त्वाचं. लूपचे दोन अर्धे भाग समांतर जोडलेले आहेत, प्रत्येक ४.३ मिलिओहमचा. जोड चांगला असेल तर २.१ मिलिव्होल्ट येतील. जोड उघडा असेल तर सगळा करंट एकाच अर्ध्या भागातून जाईल आणि ४.३ येतील. मधलं काही आलं तर जोड अर्धवट आहे.

पण पत्र्याची चौकट हा सर्वात चांगला मार्ग. आणि क्षेत्रासाठी तुमच्या जवळच्या सीनियर कॉलेजात विचारा. हॉल इफेक्टच्या प्रयोगाला विद्युतचुंबक असतो, ५ सेंटिमीटर व्यासाचे पोल, मध्ये १ सेंटिमीटर फट ठेवली तर ०.५ टेस्ला सहज मिळतो. चौकट ३ सेंटिमीटरची पुरे, आकाराने काही बिघडत नाही हे आपण बघितलंच. तांब्याला सेकंदाला ९.४ सेंटिमीटर आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियमला ४.५ सेंटिमीटर असं यायला हवं, २० अंश तापमानाला. सध्या प्रयोगशाळेत ४० अंश असतील तर दोन्हींचा रोध आठ टक्क्यांनी वाढलेला असतो आणि तेवढाच वेगही वाढतो. सोलापुरात एप्रिलमध्ये हा हिशोब सोडून चालत नाही.

पोल गोल असल्यामुळे एक गंमत बघायला मिळेल, पण ती आधी सांगत नाही. व्हिडिओ काढा.

जुळे_सोलापूरचे_सर

कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी शनिवारी प्रयोगशाळा उघडून दिली. अर्धा मिलिमीटर पत्र्यातून ३ मिलिमीटर रुंद पट्टीच्या चौकटी कापल्या, एक तांब्याची, एक अ‍ॅल्युमिनियमची. बाहेरून ३ सेंटिमीटर चौरस. चौकट वेडीवाकडी वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्टीची खाच केली. दोऱ्याने टांगून दोरा जाळला. गॉसमीटरवर मध्यभागी ५००० गॉस.

ब्रेक स्पष्ट दिसला. मुलं ओरडलीच. अ‍ॅल्युमिनियमची चौकट हवेत धरल्यासारखी खाली उतरली. तांब्याचीही हळू, पण त्याहून जलद.

व्हिडिओत मात्र दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या. एक, चौकट सुटल्या सुटल्या चार-पाच मिलिमीटर झपकन पडते, मग एकदम वेग कमी होतो आणि पुढे सारख्या वेगाने जाते. आम्ही शिकवतो की वेग शून्यापासून वाढत अंतिम वेगाला टेकतो. इथे तो वर जाऊन खाली आला. दोन, पुढच्या टप्प्यातला वेग तांब्याला साधारण १२.५ आणि अ‍ॅल्युमिनियमला ८ सेंटिमीटर आला. दोन्ही जास्त, आणि गुणोत्तर दुप्पट नाही, दीडपटीच्या जरा वर.

उषा_प्रयोगशाळा

पहिली गोष्ट हीच ती गंमत. चौकट सोडली तेव्हा खालची बाजू पोलच्या केंद्राखाली २ सेंटिमीटरवर असणार, कारण तिथेच गोलाची रुंदी बरोबर ३ सेंटिमीटर भरते. तिथून खाली गोल अरुंद होत जातो आणि २.५ सेंटिमीटरवर संपतो. म्हणजे खालची बाजू क्षेत्रातून एकदम बाहेर येत नाही, तिची दोन टोकं आधी बाहेर येतात आणि मधला भाग अजून आत असतो. तो मधला भाग वरच्या बाजूच्या ईएमएफला विरोध करत राहतो. ३ मिलिमीटर खाली आल्यावरही खालच्या बाजूचे जवळपास २ सेंटिमीटर आतच असतात, आणि ब्रेक पूर्ण ब्रेकच्या फक्त १२ टक्के असतो, कारण उरलेल्या लांबीचाही वर्ग होतो.

त्या पाच मिलिमीटरात चौकट जवळपास मुक्तपणे पडते आणि सेकंदाला पाव मीटरच्या पुढे जाते. मग खालची बाजू पूर्ण सुटते, पूर्ण ब्रेक लागतो, आणि अंतिम वेगाच्या दुपटीहून जास्त वेगाने आलेली चौकट पुढच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये त्या वेगाकडे मंदावते. अंतिम वेगाला वरूनही टेकता येतं. वरची बाजू त्या सगळ्या प्रवासात पूर्ण क्षेत्रात असते, म्हणून पुढचा वेग स्थिर दिसला.

पूर्वीचा_सोलापूरकर

गुणोत्तराबद्दल मला वाटतं घर्षण. प्लास्टिकच्या खाचेत चौकट घासत असेल.

अक्कलकोट_रोड_वाइंडिंग

घासली असती तर अजून हळू आली असती की ओ. ही तर जलद आली. मला पत्र्याचा संशय आहे. बाजारातला पत्रा शुद्ध अ‍ॅल्युमिनियम नसतो, मिश्रधातू असतो. वाइंडिंग वायरचं अ‍ॅल्युमिनियम वेगळं आणि डब्याच्या पत्र्याचं वेगळं.

उषा_प्रयोगशाळा

मालकांचं बरोबर वाटतं, आणि ते तपासायला धातूचा तक्ता बघायची गरज नाही. त्याच पत्र्याची १ मीटर लांब पट्टी कापा. सराफाच्या काट्यावर वजन करा. तिच्यातून १ अँपिअर सोडून मिलिव्होल्ट मोजा, म्हणजे मिलिओहम मिळाले. वजन ग्रॅममध्ये आणि रोध ओहममध्ये घेऊन गुणाकार करा. पट्टी किती रुंद, किती जाड, कडेला कात्री वाकडी गेली का, याने फारसं बिघडत नाही. आपल्याला हवा असलेला d × ρ तोच आहे.

हे काही माझं डोकं नाही. १९१३ साली आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगाने तांब्याचं प्रमाण ठरवलं तेव्हा ते या रीतीनेही मांडलं होतं. १ मीटर लांब आणि १ ग्रॅम वजनाच्या मऊ तांब्याच्या तारेचा २० अंशांना रोध ०.१५३२८ ओहम. व्यास मोजण्यापेक्षा वजन करणं सोपं आणि अचूक असतं. आजही तांब्याची वाहकता टक्क्यांत सांगतात ती याच प्रमाणाच्या तुलनेत.

तुमच्या तांब्याला ०.१५ च्या थोडं वर यायला हवं, उन्हामुळे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम असतं तर ०.०८ च्या आत आलं असतं.

बारावी_अ

सर, मी पट्ट्या मोजायला येऊ का? आमच्या गल्लीतल्या सराफकाकांचा काटा शंभरावा ग्रॅम दाखवतो.

जुळे_सोलापूरचे_सर

ये की. संध्याकाळी ये.

बारावी_अ

मोजलं. तांबं ०.१६३, अ‍ॅल्युमिनियम ०.१०५. म्हणजे गुणोत्तर १.५५, आणि चौकटींच्या वेगाचं गुणोत्तर १२.५ भागिले ८ म्हणजे १.५६. पत्राच मिश्रधातूचा निघाला, वाइंडिंगवाले काका बरोबर होते.

मग तेच आकडे सूत्रात घातले, B ०.५ धरून. तांब्याला १०.२ आणि अ‍ॅल्युमिनियमला ६.६ आलं. व्हिडिओत १२.५ आणि ८. दोन्ही सारख्याच प्रमाणात जास्त आहेत, वीस-बावीस टक्के. हे का ते कळलं नाही.

उषा_प्रयोगशाळा

दोन्ही सारख्याच प्रमाणात जास्त असतील तर कारण दोघांना सामायिक आहे, आणि सूत्रात सामायिक फक्त B, g आणि h/w आहेत. B पाच हजारऐवजी साडेचार हजार गॉस धरला तर वर्गामुळे वेग जवळपास एवढाच वाढतो. गॉसमीटर तुम्ही मध्यभागी लावला होता. वरची बाजू शेवटी पोलच्या कडेजवळून जाते आणि तिथे क्षेत्र कमी झालेलं असतं. शिवाय पोलच्या बाहेरही थोडं क्षेत्र पसरलेलं असतं आणि खालची बाजू त्यातून जाताना थोडा विरोध करतच राहते. दोन्ही गोष्टी वेग वाढवणाऱ्याच आहेत. कुठली किती, हे मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. केंद्रापासून खाली प्रत्येक ५ मिलिमीटरला गॉसमीटर धरून आकडे घ्या, पोलच्या बाहेर २ सेंटिमीटरपर्यंत.

पूर्वीचा_सोलापूरकर

एक शंका. R शून्यच असेल तर? सूत्र v_t शून्य सांगतं, म्हणजे अतिवाहक चौकट पडणारच नाही?

उषा_प्रयोगशाळा

तिथे हे सूत्र वापरायचं नाही. आपण चौकटीचं स्वतःचं इंडक्टन्स सोडून दिलंय. तांब्याच्या तारेच्या लूपमध्ये ते चालतं, करंट जमायला काही दहा मायक्रोसेकंद लागतात आणि आपला सगळा खेळ मिलिसेकंदांचा आहे. R शून्य असेल तर करंट वेगावर नाही, किती खाली आली त्या अंतरावर ठरतो. मग बल स्प्रिंगसारखं अंतराच्या प्रमाणात वाढतं, आणि चौकट पुरेशी उंच असेल तर ती बाहेर न पडता वरखाली झुलत राहील.

बारावी_अ

आणि R अगदी थोडा असेल तर? झुलत झुलत हळूहळू खाली येईल का?

जुळे_सोलापूरचे_सर

हे मी उद्या वर्गात फळ्यावर मांडून बघतो, समीकरण दुसऱ्या कोटीचं होईल असं दिसतंय. कॉलेजातला चुंबक सध्या प्रात्यक्षिक परीक्षेला लागला आहे, मोकळा झाला की मॅडम म्हणतात तसे दर ५ मिलिमीटरचे गॉस घेऊन इथे टाकतो. मालक, तोवर वाइंडिंगच्या अ‍ॅल्युमिनियम वायरचा मीटरभर तुकडा मिळेल का? त्याचा गुणाकार शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या किती जवळ येतो ते बघायचंय.

अक्कलकोट_रोड_वाइंडिंग

मिळेल की. इनॅमल खरवडून देतो, नाहीतर वजनात तेही धरलं जाईल. पोराला पाठवा दुकानावर.